बोर्डिंग पासवरची बारीक ओळ

आमच्या ऑफिसात वहिनींना वहिनीच म्हणतात. साहेबसुद्धा. कारण त्यांचे यजमान साहेबांची गाडी चालवायचे आणि त्यांना सगळे दादा म्हणायचे. दादा गेले त्याला आता दीड वर्ष होईल. त्यांच्या पश्चात साहेबांनी वहिनींना बोलावून घेतलं, टेबल दिलं, फोन दिला आणि म्हणाले, "वहिनी, लोकांशी नीट बोलायचं, एवढंच काम."

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरचा पहिला मजला. लाकडी जिना, वर काचेचं दार, आत तीन टेबलं. आम्ही विमानाची तिकिटं काढून देतो. मी तिकिटांवर असते, साहेब पैशांवर आणि वहिनी फोटोंवर.

फोटोंचं सांगायला हवं. आमची गिऱ्हाइकं बरीचशी वयस्क. मुलगा, मुलगी, सून परदेशात, आणि ही माणसं आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार. इंग्रजीची भीती, तिथल्या भाषेचा तर प्रश्नच नाही. मग ते विमानतळावरून जे दिसेल त्याचा फोटो काढून पाठवतात. बोर्डिंग पास, बोर्ड, पाटी, कधी चुकून स्वतःची चप्पल. वहिनी ते बघतात आणि मराठीत लिहून पाठवतात. त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत, तेही मराठी शाळेत. पण विमानतळावरचे शब्द काही फार नसतात. पन्नाससाठ शब्द आलटून पालटून येतात. ते मी त्यांना शिकवले, आणि महिन्याभरात त्या माझ्यापेक्षा सोपं लिहायला लागल्या.

'कनेक्टिंग फ्लाइट'ला त्या 'पुढचं विमान' लिहितात. 'बॅगेज क्लेम'ला 'बॅगा मिळतात ती जागा'. 'ट्रान्सफर' म्हणजे 'विमान बदलणाऱ्यांचा रस्ता'. 'फायनल कॉल' म्हणजे 'शेवटचं बोलावणं'. मी एकदा म्हटलं, "अहो, अखेरची सूचना म्हणा." तर म्हणाल्या, "सूचना म्हटलं की माणूस वाचत बसतो. बोलावणं म्हटलं की उठतो."

पण हे सगळं त्या कशा करायच्या, तर पोळ्या लाटाव्यात तशा. चेहऱ्यावर काही नाही. एखादी आजी नातवाला बघून आनंदाने फोन करायची, वहिनी "बरं झालं हो" म्हणायच्या आणि पुढचा फोटो उघडायच्या. डबा खायच्या, पण भाजी कसली होती असं मागून विचारलं तर आठवायचं नाही. एकदा मी विचारलं, "वहिनी, बरं वाटत नाही का?" त्या म्हणाल्या, "बरं वाटत नाही असं नाही गं. वाटतच नाही." टेबलाच्या खणात देवाची एक छोटी तसबीर होती. सकाळी आल्यावर खण उघडायच्या, हात जोडायच्या, खण लावायच्या. देवाकडे काही मागतात असं मला कधी दिसलं नाही. हजेरी लावतात असंच दिसायचं.

एका दुपारी शिंपीकाका जिना चढून आले.

मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. शाळेचे गणवेश शिवतात. आमच्या साहेबांच्या मुलांचेही त्यांनीच शिवलेले. गळ्यात टेप तसाच होता, काढायचं राहिलं असावं. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तिकीट पाहिजे. आजचं नाहीतर उद्याचं."

साहेब नेहमीच्या थट्टेने म्हणाले, "काय काका, एवढी घाई? पोराने आयफोन घेऊन ठेवलाय वाटतं?"

"पोरगं मशीनवर आहे," काका म्हणाले.

साहेबांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

काकांनी सगळं सांगितलं, पण दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं. मुलगा कामावर जाताना कोसळला. डोक्यात रक्त साचलं. डॉक्टर म्हणतात, आता काही उरलेलं नाही, मशीन छाती वरखाली करते आहे, तेवढंच. सूनबाई त्यांना म्हणाली, बाबा येईपर्यंत थांबा. डॉक्टर म्हणाले, परवा संध्याकाळपर्यंत थांबू. काकांची बायको गुडघ्यांनी घरी बसलेली. गेल्या वर्षी मुलाने हौसेने काकांचा पासपोर्ट, व्हिसा करून ठेवला होता, या म्हणून. काकांना दुकान सोडून जायला सवड झाली नव्हती.

"मला एकदा त्याचा हात हातात घ्यायचाय," काका म्हणाले. "तो गरम असेपर्यंत."

मी तिकिटं शोधायला लागले. थेट विमान भरलेलं होतं. एक मिळालं, मध्ये बदलायचं. पहिलं विमान सकाळचं, मधल्या विमानतळावर दोन अडीच तास, मग दुसरं. ते चुकलं तर त्याच्या पुढचं दुसऱ्या दिवशी रात्री. म्हणजे संध्याकाळ टळून जाणार. मी हे मोठ्याने बोलले नाही, पण वहिनी माझ्या मागे उभ्या राहून स्क्रीन बघत होत्या. त्यांना कळलं.

त्यांनी काकांना आपल्या टेबलाशी नेलं.

"काका, इंग्रजी येतं?"

"अक्षरं येतात. शब्द नाही. शाळांचे बिल्ले भरतो ना, त्यावर अक्षरं असतात. ए पासून झेड पर्यंत कुठलंही सांगा, काढून देतो. वाचायला सांगू नका."

"आकडे?"

"ताई, टेप गळ्यात आहे माझ्या."

"मग झालं. शब्द मी बघते. तुम्ही फक्त अक्षर आणि आकडा जुळवायचा. तुमच्या विमानाला नंबर असतो. दोन अक्षरं, पुढे चार आकडे. बोर्डावर तोच नंबर दिसला तर ते तुमचं. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी दुसऱ्याचं. कोणी कितीही उठून चालायला लागलं तरी त्यांच्या मागे जायचं नाही. मागे एक आजोबा असेच गर्दीच्या मागे गेले आणि भलत्याच गावच्या रांगेत दीड तास उभे राहिले."

काका म्हणाले, "मापात इंचाचा फरक मी सोडत नाही. अक्षराचा काय सोडणार?"

वहिनी आणखी सांगत होत्या. पासवर मोठ्या आकड्यात वेळ छापतात ती विमान सुटण्याची नसते, आत बसायला बोलावण्याची असते. गेट आधीच बंद होतं. घड्याळ तिथलं धरायचं, आपलं नाही. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं बदलत नाही, म्हणून ते खिशात टाका. काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. सूनबाईंनी त्यांच्या फोनवर बाहेर चालणारा पॅक टाकून दिला होता.

जाताना ते जिन्यात थांबले आणि मला म्हणाले, "पोरी, त्या ताई हसत नाहीत का कधी?"

मी म्हटलं, "हसतात की."

"नाही, बरं आहे ते. आज कुणी हसलं असतं तर मला चाललं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो आला. काउंटरवर एकदमच दोन्ही विमानांचे पास दिले होते. दुसऱ्या पासच्या मागे बॅगेची चिकटपट्टी. वहिनींनी मोठं करून पाहिलं आणि लिहिलं. ते मी वाचलं होतं, त्यांच्या खांद्यावरून:

"काका, पहिला पास आत्ताचा. गेट सहा. दुसरा पास पुढच्या विमानाचा. नंबर ७३१६, त्याच्या आधीची दोन अक्षरं पासवर आहेत ती. आसन ३१ सी, म्हणजे वाटेच्या कडेचं. गेटची जागा रिकामी आहे, ते अजून ठरलेलं नाही. मधल्या विमानतळावर उतरलात की कुठल्याही गणवेशातल्या माणसाला हा पास दाखवा, तो गेट सांगेल. बॅगेच्या पट्टीवर मोठी तीन अक्षरं आहेत, ती शेवटच्या गावाची. म्हणजे बॅग थेट तिथे जाणार. मध्ये घ्यायची नाही. बॅगेचा विचारच करू नका."

नाव, आसन, नंबर, गेट, वेळ, बॅग. त्यांची नेहमीची पद्धत. बाकीचं बारीक छापलेलं त्या लिहीत नसत. म्हणायच्या, म्हाताऱ्या माणसाला सगळं सांगितलं की महत्त्वाचं तेच विसरतो. आणि खरंच, आजवर त्या पद्धतीने कुणाचं काही चुकलं नव्हतं.

पहिलं विमान सुटलं. आमचा दिवस सुरू झाला. एक नवरा-बायको तिकिटावरून भांडत होते, खिडकी कुणाला म्हणून. साहेब त्यांची समजूत काढत होते. दुपारी काकांचा मेसेज आला. पोचलो मध्ये. एका मुलीला पास दाखवला, तिने पेनाने बी १७ लिहून दिलं. इथेच बसलोय. बोर्डावर आपलाच नंबर आहे, जुळवला. सोबत फोटो: हिरव्या खुर्च्यांची रांग, काच, बाहेर विमानाची शेपटी.

वहिनींनी लिहिलं, "छान. पाणी प्या. वीस मिनिटांनी बोर्ड पुन्हा बघा."

मी म्हटलं, "चला, अर्धी लढाई जिंकली."

वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

पुढचा फोटो आला तेव्हा त्या दुसऱ्याच एका बाईंचा पासपोर्ट बघत होत्या. फोन वाजला, त्यांनी उघडला. काकांचा आवाजी मेसेज होता. "ताई, इथली माणसं उठून चालली आहेत. बोर्डावर आता दुसरंच काहीतरी लागलंय. गेटासमोर एक कागद लावलाय स्टँडवर. पण तो आपला नाही. नंबर वेगळा आहे. मी बसतो. तुम्ही म्हणालात ना, गर्दीच्या मागे जायचं नाही."

फोटो त्या कागदाचा. हलून काढलेला. वरच्या ओळी तिथल्या भाषेत, तिथल्या लिपीत. खाली इंग्रजी असावं, पण निम्म्यावर काकांचा अंगठा आला होता. एक नंबर दिसत होता, वेगळी दोन अक्षरं आणि ४०२. मग एक बाण. मग डी ४.

वहिनींनी तो फोटो भाषांतराच्या ॲपला दिला. ॲपने लिहिलं: दरवाजा परिवर्तन. प्रवासी कृपया रेल्वेने. बाकी नुसती टिंबं.

"कुणाचं तरी गेट बदललंय," मी म्हटलं. "काकांचं नाही. नंबर वेगळा."

"हं," वहिनी म्हणाल्या. पण फोन खाली ठेवला नाही. मग हळूच म्हणाल्या, "त्यांच्या बोर्डावरचा नंबर गेला कुठे मग?"



त्यांनी काकांना लिहिलं, अंगठा काढून फोटो काढा, आणि मोठ्या बोर्डाचाही काढा, तो भाषा पालटतो, इंग्रजी येईपर्यंत थांबा. काकांनी कागदाचा तेवढा लगेच काढला. दुसऱ्या फोटोत कागदावर इंग्रजी स्पष्ट होतं. विमान ४०२, शेवटच्या गावाचं नाव, गेट बदलून डी ४, आतल्या गाडीने जा. शेवटचं गाव तेच. जिथे मशीन चालू होती ते.

"एकाच गावाला दोन विमानं असतील," मी म्हटलं. "असतात."

वहिनींनी सकाळचा, पासचा फोटो पुन्हा उघडला आणि बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. अक्षरं फाटायला लागली. आसनाच्या खाली एक ओळ होती, मुंगीएवढी. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

त्यांचा चेहरा तसाच राहिला. फक्त ओठ पांढरे झाले.

"बघ," म्हणाल्या आणि फोन मला दिला.

त्या ओळीत लिहिलं होतं की हे विमान दुसरी कंपनी चालवते. आणि पुढे त्या कंपनीचा नंबर. ४०२.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एक कंपनी आपल्या नावाने तिकीट विकते, आपला नंबर टाकते, आणि प्रत्यक्षात विमान असतं दुसऱ्या कंपनीचं, तिच्या नंबराचं. एकच विमान, दोन नंबर. मोठ्या बोर्डावर दोन्ही आळीपाळीने दिसतात, पण घाईत लावलेल्या कागदावर चालवणाऱ्याचाच नंबर लिहितात. मला हे माहीत होतं. रोज बघते. तिकीट काढताना मीच पाहिलं होतं आणि मलाच ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

वहिनींनी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तुटला. मग त्यांनी लिहिलं, "काका, उठा. तेच तुमचं विमान आहे."

उत्तर आलं, "नंबर जुळत नाही ताई."

"जुळतो. मी चुकीचं सांगितलं होतं. उठा."

टिकांचा रंग बदलला. त्यांनी वाचलं होतं. पण उत्तर येईना. मला तो माणूस डोळ्यांसमोर दिसत होता. हिरव्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी, पास हातात, एकेक अक्षर तपासतोय. आयुष्यभर माप चुकू न देणारा माणूस. त्याला एकाएकी चूक तेच बरोबर म्हणून सांगायचं, तर तो ऐकेल कसं?

साहेब उठून आले होते. "समजावून सांगा ना त्यांना! कोडशेअर म्हणतात म्हणून सांगा!"

"साहेब, तो शब्द त्यांच्या काय कामाचा?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढवलासुद्धा नाही. त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि आवाजी मेसेज केला.

"काका, ऐका. शाळा गणवेश तुमच्याकडून शिवून घेते. कॉलरला लेबल शाळेच्या दुकानाचं लावते. पण शिवलेला कुणी? तुम्ही. तसंच हे. तुमच्या पासवर दुकानाचं लेबल आहे. कागदावर शिंप्याचं नाव आहे. कपडा एकच. पासवर आसनाच्या खाली बारीक ओळ आहे, तिथे शेवटी ४०२ दिसतंय का बघा. दिसलं की उठा आणि चालायला लागा. उत्तर लिहीत बसू नका."

आम्ही तिघं त्या फोनकडे बघत होतो.

उत्तर आलं, "दिसलं. निघालो."

मग फोटो येत गेले. काका चालता चालताच काढत असणार, सगळे तिरके. एक लांब कॉरिडॉर. एक सरकता पट्टा. मग एक पाटी, तिच्यावर दोन बाण. एकीकडे बॅगेचं चित्र, एकीकडे विमानाचं आणि डी.

"ताई, बॅगेकडे जाऊ का? बॅग घ्यायला पाहिजे का?"

"नाही. बॅगेचं चित्र आहे तिकडे अजिबात नाही. तिकडून माणूस बाहेर पडतो, मग परत आत घेत नाहीत. विमानाचं चित्र आणि डी. तिकडे गाडी असेल, आगगाडीसारखी, बिनड्रायव्हरची. तिच्यात चढा. दुसरं स्टेशन डीचं."

तो विमानतळ त्यांना जुन्या गिऱ्हाइकांच्या फोटोंवरून पाठ होता. बिनड्रायव्हरची हे लिहिताना मात्र त्या एक क्षण थांबल्या. मग पाठवलं.

गाडीचा फोटो आला नाही. बराच वेळ काहीच आलं नाही. पासवरची आत बसण्याची वेळ कधीच उलटून गेली होती. आता सुटण्याची वेळ जवळ येत होती. साहेब म्हणाले, "बॅग आत आणि माणूस नाही, असं विमान ते सहज सोडत नाहीत. आधी माणसाला हाका मारतात, मग बॅग शोधून उतरवतात. त्यात थोडा वेळ जातो."

"हाका मारतील," वहिनी म्हणाल्या, "पण त्यांच्या तोंडून काकांचं नाव काकांना कळेल का?"

त्यांनी लिहिलं, "काका, भोंग्यावर कुणाचं तरी नाव वाकडंतिकडं घेत असतील तर ते तुमचंच समजा."

एक टिक. पोचलं नाही. गाडी बोगद्यात असेल. किंवा फोनची बॅटरी गेली असेल. किंवा काका बॅगेच्या चित्राकडे वळले असतील.

मग एक फोटो आला. मोठ्या बोर्डाचा, दुरून काढलेला. वहिनींनी मोठा केला. ओळ ४०२. पुढे डी ४. आणि शेवटी लाल अक्षरांत, गेट बंद होत आहे. बंद झालं नव्हे. होत आहे.

खाली काकांनी विचारलं होतं, "लाल काय लिहिलंय?"

वहिनींनी लिहिलं, "पळा."

मी त्यांचं एवढं छोटं भाषांतर कधी पाहिलं नव्हतं.

त्याच्यापुढे काहीच आलं नाही. वहिनींनी खण उघडला. तसबिरीकडे पाहिलं. या वेळी हात जोडले नाहीत, खण उघडाच ठेवला. मग समोरच्या बाईंचा पासपोर्ट पुन्हा हातात घेतला आणि म्हणाल्या, "हां, पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त आहे, चालेल." बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही आधी पाणी प्या." वहिनी म्हणाल्या, "प्यायले." प्यायल्या नव्हत्या.

साहेब त्यांच्याशेजारी येऊन म्हणाले, "वहिनी, तुमचा दोष नाही. ती ओळ कुणीच वाचत नाही."

"वाचायचं काम माझंच होतं की, साहेब."

"मीसुद्धा सांगितलं नाही," मी म्हटलं.

"तू तिकिटावर असतेस," त्या म्हणाल्या. तेवढंच.

मी कंपनीच्या साइटवर जाऊन बघितलं. विमान उशिराने सुटलेलं दिसत होतं. पण आत कोण आहे, ते साइट सांगत नाही. संध्याकाळी ऑफिस बंद करताना वहिनी फोन पदराखाली धरून जिना उतरल्या. मी विचारलं, सोबत येऊ का? म्हणाल्या, "कशाला? घर काय लांब आहे?" माझ्याने राहवेना म्हणून मी घरी देवापुढे बसले. शब्द सुचले नाहीत. नुसती बसले.

सकाळी त्या माझ्याआधी आल्या होत्या. फोन टेबलावर उताणा. मी आत येताच त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. सूनबाईंचा मेसेज होता, पहाटेचा.

"बाबा पोचले. विमानाच्या दारात त्यांना धाप लागली होती, एअर होस्टेसने धरून आत बसवलं म्हणे. विमानतळावरून थेट हॉस्पिटलात आणलं. तासभर हात धरून बसले. काही बोलले नाहीत. मग त्यांनीच डॉक्टरांना मान हलवून सांगितलं. आता सगळं झालं. तुमचे उपकार आहेत."

मी वाचलं आणि मला रडू आलं. वहिनींच्या डोळ्यांत काही नव्हतं. त्यांनी विचारलं, "उपकार म्हटलंय, त्याला काय लिहायचं असतं?"

"काहीच लिहू नका," मी म्हटलं.

तरीही त्यांनी लिहिलं. "काकांना जेवायला घाला."

त्या दिवसापासून वहिनी पासची प्रत्येक ओळ वाचायला लागल्या. बारीक, अति बारीक, मागच्या बाजूची. म्हाताऱ्यांना लिहून पाठवायच्या त्यात एक ओळ वाढली: विकणारी कंपनी ही, चालवणारी ती, दोन्ही नंबर तुमचेच. कुणी म्हणायचं, केवढं लांबलचक लिहिता! त्या म्हणायच्या, "वाचा सावकाश, वेळ आहे."

मुलाचे दिवस झाल्यावर काका परत निघाले. तेव्हाचे फोटो आले ते मी पाहिले, कारण वहिनींनी मला हाक मारली. नेहमी मारत नाहीत.

फोटो बॅगेचा होता. निळी, चाकांची, मुलाची. तिच्या दांड्याला जुनी पट्टी अडकलेली, मुलाच्या शेवटच्या विमानप्रवासाची. काकांनी लिहिलं होतं, "त्याचे कपडे आणतोय, त्याच्याच बॅगेतून. ताई, ह्या जुन्या पट्टीवर त्याचं नाव आहे. एकेक अक्षर लावून वाचलं मी. ही राहू देऊ ना?"

वहिनी बराच वेळ तो फोटो बघत होत्या. मी म्हटलं, "राहू दे म्हणा ना. काय होतंय?"

पण राहू देऊन चालत नाही. जुन्या पट्टीवरच्या रेघा मशीन वाचतं आणि बॅग भलतीकडे पाठवतं. कधी दोन्हीकडे न जाता मधेच पडून राहते. हे वहिनींना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

त्यांनी लिहिलं, "काका, पट्टी काढावी लागेल. मशीन जुनंच वाचतं आणि बॅग चुकते."

"काढलीच पाहिजे का?"

"हो."

थोड्या वेळाने उत्तर आलं. काकांच्या खिशात कात्री नसते असं कधी होत नाही, पण विमानात नेता येत नाही म्हणून ती घरी ठेवून गेलेले. दातांनी तोडली, असं त्यांनी लिहिलं. मग विचारलं, "आता काय करू हिचं?"

वहिनींनी टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं.

"पासपोर्टात ठेवा," त्यांनी लिहिलं. "कागदांत ठेवली की मशीन वाचत नाही. फक्त माणसं वाचतात."

मग फोन खाली ठेवला, डोळ्यांवरून पदर फिरवला आणि पदर कुठे ओला झालाय ते काही क्षण बघत राहिल्या. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली. वहिनींनी समोरची खुर्ची सरळ केली.